ढकलत्या लाकडी सांगाड्यापासून हवेच्या टायरपर्यंत: सायकल घडली कशी? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सायकलचा इतिहास बहुतेक ठिकाणी चित्रांच्या रांगेत दाखवतात. आधी पायडल नसलेली लाकडी गाडी, मग पुढे भलंमोठं चाक असलेली, मग आजच्यासारखी. ही रांग पाहिली की वाटतं, मधली उंच सायकल म्हणजे कुणाची तरी हौस असावी. तसं अजिबात नाही. प्रत्येक टप्प्यावर माणसं एक ठरावीक अडचण सोडवत होती, आणि ती सुटली की त्याच उत्तरातून पुढची अडचण उभी राहत होती. पायडलमुळे चाक वाढलं, वाढलेल्या चाकामुळे माणसं तोंडावर पडायला लागली, चेनमुळे चाक पुन्हा लहान झालं, आणि लहान चाकामुळे हादरे परत आले. हवेचा टायर या सगळ्याच्या शेवटी येतो. हाच धागा धरून, नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

## पहिली सायकल लिओनार्दो दा विंचीने काढली होती ना?

नाही. चेन आणि पायडल असलेलं जे चित्र त्याच्या नावावर फिरतं, ते १९७४ मध्ये लोकांसमोर आलं आणि ते नंतर कुणीतरी कागदावर काढलेलं आहे, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. १७९१ मधल्या फ्रान्सच्या ‘काउंट सिव्राक’ची गोष्टही अशीच. ती शंभर वर्षांनी एका फ्रेंच लेखकाने रचली होती.

ज्याचा कागदोपत्री पुरावा आहे अशी पहिली दुचाकी जर्मनीतल्या बाडेन संस्थानातल्या कार्ल ड्राइसची. हा वनखात्यातला अधिकारी. १२ जून १८१७ रोजी तो मॅनहाइममधून निघाला, श्वेत्सिंगनच्या रस्त्यावरच्या टपालघोड्यांच्या थांब्यापर्यंत गेला आणि परत आला. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर, तेही तासाभराच्या आत. पुढच्या जानेवारीत त्याला बाडेन सरकारकडून या यंत्राचा हक्क मिळाला.

## पायडलच नव्हतं, तर ती चालायची कशी?

दोन लाकडी चाकं एकामागे एक, मध्ये आडवी लाकडी दांडी, दांडीवर गादी. वजन वीस-बावीस किलो. चाकं बैलगाडीच्या चाकासारखीच लाकडी आऱ्यांची, वर लोखंडी धाव. बसणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकायचे आणि तो एकेका पायाने जमीन मागे रेटत पुढे जायचा. पुढे हातांना टेकायला एक गादीदार फळी असे आणि पुढचं चाक वळवायला दांडा. मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेकही होता.

यात खरी किमया पुढचं चाक वळण्यात आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक वळवलं की ती सावरते. आपण सगळे सायकल शिकताना नकळत हेच शिकतो. दोन चाकांवर पाय न टेकता तोल राहू शकतो, हे ड्राइसच्या आधी कुणी वापरून दाखवलं नव्हतं. उतारावर ड्राइसच्या गाडीवरचा माणूस दोन्ही पाय उचलायचा, आणि त्या काही क्षणांत तो जे करत होता ते म्हणजे सायकल चालवणंच. हल्ली लहान मुलांना बिनपायडलची छोटी सायकल देतात, ती हुबेहूब याच तत्त्वावर चालते. तोल आधी, पायडल नंतर.

## घोडे मेले म्हणून सायकल आली, हे खरं का?

१८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, ओट महाग झाले, घोडे पोसणं कठीण झालं. यातूनच ड्राइसला घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीची निकड वाटली, असा तर्क एका जर्मन इतिहासकाराने मांडला आहे. सालं जुळतात, पण ड्राइसने स्वतः असं कारण दिल्याचा थेट पुरावा नाही. माझ्या मते तर्क म्हणून तो चांगला आहे, ठाम इतिहास म्हणून सांगू नये.

## मग ती गाडी मागे का पडली?

रस्त्यांमुळे. गाडीच्या चाकोऱ्यांनी भरलेल्या मातीच्या रस्त्यावर दोन चाकांवर तोल सांभाळणं अवघड जायचं, म्हणून लोक फुटपाथवर चढायचे आणि पादचाऱ्यांना धडकायचे. मॅनहाइममध्ये १८१७ च्या डिसेंबरातच फुटपाथवर बंदी आली. लंडनमध्ये डेनिस जॉन्सन नावाच्या गाड्या बनवणाऱ्याने १८१८ मध्ये जास्त सुबक आवृत्ती काढली. श्रीमंत तरुणांत ती एखादं वर्ष गाजली आणि तीही विरली. त्यानंतर दुचाकीत मोठा बदल यायला चाळीसेक वर्षं गेली.

## पायडल कुणी लावलं?

इथे भांडण आहे. स्कॉटलंडचा लोहार कर्कपॅट्रिक मॅकमिलन याने १८३९ च्या सुमारास दांड्यांनी मागचं चाक फिरवणारी सायकल केली, असं अनेक पुस्तकांत आहे. पण तो दावा बऱ्याच वर्षांनी त्याच्या एका नातेवाइकाने पुढे आणला, आणि त्या काळातला पक्का पुरावा फार थोडा आहे.

ज्या पायडलमुळे उद्योग उभा राहिला ते पॅरिसचं, १८६० च्या दशकातलं. पुढच्या चाकाच्या आसालाच क्रँक आणि पायडल. श्रेय पिएर मिशो या लोहारकाम करणाऱ्याला द्यायचं की पिएर लालेमाँ या कारागिराला, यावर अजून वाद चालतो. नक्की एवढंच की लालेमाँ अमेरिकेत गेला आणि नोव्हेंबर १८६६ मध्ये तिथे त्याच्या नावावर पेटंट निघालं, आणि पॅरिसमध्ये मिशोच्या नावाने, ऑलिव्हिए बंधूंच्या पैशावर, कारखाना चालला. लोखंडी सांगाडा, लाकडी चाकं, लोखंडी धाव. दगडी फरसबंदीवर ही गाडी अशी हादरायची की इंग्रजांनी तिला ‘हाडं खिळखिळी करणारी’ असंच नाव दिलं.

## पुढचं चाक इतकं अवाढव्य का केलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून याला जरा वेळ देऊ.

पायडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असलं की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मध्ये काहीच नाही. चाकाचा व्यास ३६ इंच असेल तर एका फेऱ्यात सायकल साधारण २.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले, म्हणजे सेकंदाला एक, तर ताशी दहा किलोमीटरच्या थोडं वर. नोव्हेंबर १८६९ मध्ये पॅरिस ते रुआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूर ती जिंकला, सुमारे १० तास ४० मिनिटांत. सरासरी ताशी साडेअकरा किलोमीटर निघते, आणि मूर त्या काळातला सगळ्यात तगडा सायकलस्वार होता.

वेग वाढवायचा तर दोनच मार्ग होते. पाय भराभर मारा, किंवा चाक मोठं करा. पायांना मर्यादा लवकर येते, म्हणून चाक वाढलं. ५४ इंचांचं चाक एका फेऱ्यात ४.३ मीटर जातं. तेच ६० फेरे, पण वेग ताशी साडेपंधरा. पायांची गती तीच ठेवून दीडपट वेग मिळाला. शिवाय मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सावकाश चढतं, म्हणून हादरेही कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

चाक कुठपर्यंत वाढवायचं? पायडल सगळ्यात खाली असताना बसल्या जागेवरून पाय तिथवर पोहोचेल, तितपत. त्यामुळे त्या काळी सायकल पायाच्या मापाने घ्यावी लागे, आणि बुटका माणूस कितीही ताकदवान असला तरी उंच माणसाइतकं मोठं चाक त्याला बसायचं नाही. चाकाचा आकार आणि माणसाचा पाय यांची ही गाठ सोडवायला चेन यावी लागली.

## लाकडी चाक एवढं मोठं करता येतं का?

येत नाही, निदान माणसाने ओढायला परवडेल अशा वजनात तरी नाही. म्हणूनच उंच सायकलीच्या आधी तारेचा आरा यावा लागला. माझ्या दृष्टीने सायकलच्या सगळ्या इतिहासात ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

लाकडी चाकात खालचा आरा वजन पेलतो. तो दाबला जातो, म्हणून तो जाड हवा. तारेचा आरा दाबावर वाकेल, पण ताणावर जबरदस्त टिकतो. बाजेची नवार जशी ताणून बांधली की तिच्यावर माणूस झोपू शकतो, तसं हे चाक. सगळे आरे आधीच ताणून बसवलेले असतात. वजन पडलं की खालच्या आऱ्यांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. पॅरिसच्या यूजीन मेयरने १८६९ मध्ये अशा चाकाचं पेटंट घेतलं. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने विल्यम हिलमनसोबत १८७० मध्ये ‘एरियल’ नावाच्या सायकलीसाठी स्वतःची रचना नोंदवली. १८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटलं, फ्रान्समधला हा धंदा थंडावला, आणि कॉव्हेंट्री सायकलींचं गाव झालं. तिथल्या शिलाई मशीनच्या एका कारखान्याने याआधीच पॅरिसच्या सायकली बनवायला घेतल्या होत्या, आणि स्टार्ली तिथलाच माणूस.

एक दोष राहिला होता. आरे चाकाच्या मधल्या हबमधून सरळ बाहेर रिमकडे जात असतील तर पायडल मारल्यावर हब थोडा पुढे फिरतो आणि रिम मागे राहते. आरे तिरपे होतात, मग पुन्हा सरळ, मग पुन्हा तिरपे, आणि शेवटी तुटतात. स्टार्लीने १८७४ मध्ये आरे हबला स्पर्शून तिरपे लावले, अर्धे पुढे आणि अर्धे मागे झुकलेले, एकमेकांना ओलांडून जाणारे. आता पायडल मारलं की निम्मे आरे रिमला थेट ओढतात. तुमच्या सायकलीचं मागचं चाक आत्ता पाहिलंत तर आरे असेच एकमेकांवरून गेलेले दिसतील. आऱ्यावर बोट मारून आवाज ऐका. एका बाजूचे सगळे साधारण सारखे वाजायला हवेत. एखादा मद्द वाजला की तो ढिला आहे, आणि दुकानात ‘चाकाचा आउट काढा’ म्हणायची वेळ आली आहे.

## उंच सायकल खरंच इतकी धोक्याची होती?

होती. बसणारा पुढच्या आसाच्या जवळजवळ वर असायचा, किंचित मागे. पुढच्या चाकाखाली दगड आला, खड्डा आला, किंवा घाबरून ब्रेक जोरात दाबला की चाक थांबायचं, आणि वरचा माणूस सांगाड्यासकट आसाभोवती फिरून डोक्यावर आपटायचा. पाय हँडलखाली अडकलेले, त्यामुळे उडी मारून सुटताही येत नसे. जाणते लोक उतारावर पाय हँडलच्या वरून पुढे टाकून ठेवायचे, म्हणजे पडलंच तर पायांवर पडता येईल. पायघोळ झगे घालणाऱ्या त्या काळच्या बायकांना, वयस्क माणसांना आणि बुटक्यांना ही सायकल बंदच होती. त्यांच्यासाठी तीन चाकी गाड्या निघाल्या, आणि चेनचे बरेचसे धडे कारागीर त्या तीन चाकींवर शिकले.

## चेन तर आधीपासून माहीत होती. मग ती इतक्या उशिरा का आली?

चेनची कल्पना जुनी होती, चांगली चेन नव्हती. चेनच्या प्रत्येक जोडात एक पिन फिरते. ती पिन पातळ पट्टीच्या भोकात घासली की भोक लवकर मोठं होतं, चेन लांबते आणि दातांवरून निसटते. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हॅन्स रेनॉल्ड या स्विस इंजिनिअरने १८८० मध्ये यावर तोड काढली. पिनभोवती त्याने एक नळी बसवली, म्हणजे घासणारी जागा अरुंद कडेऐवजी नळीच्या पूर्ण लांबीवर पसरली. नळीवर मोकळा फिरणारा रोलर, तो दातावर घासण्याऐवजी लोळतो. आजच्या सायकलीची चेन मुळात हीच.

हॅरी लॉसनने १८७९ मध्येच मागच्या चाकाला चेन लावून दाखवली होती, पण त्याची सायकल खपली नाही. १८८४ मध्ये ‘कांगारू’ आली. तिचं पुढचं चाक लहान होतं आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटी चेन होती. ती खपली, पण दोन चेनमुळे पायडलमध्ये ढिलेपणा यायचा आणि बसणारा पुन्हा पुढच्या चाकावरच.

## मग आजच्यासारखी सायकल पहिल्यांदा कुणाची?

जेम्स स्टार्लीच्या पुतण्याची. जॉन केम्प स्टार्लीने विल्यम सटनच्या भागीदारीत ‘रोव्हर’ काढली आणि ती १८८५ मध्ये लोकांपुढे आली. पायडल दोन चाकांच्या मध्ये, चेन मागच्या चाकाला, बसणारा दोन्ही चाकांच्या दरम्यान. पहिल्या नमुन्यात पुढचं चाक ३६ इंचांचं आणि हँडल जोडदांड्यांनी फिरणारं होतं. थोड्याच काळात त्याने तिरपा काटा आणि थेट हँडल केलं, चाकं जवळजवळ सारखी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भरवलेल्या १०० मैलांच्या शर्यतीत रोव्हरवरच्या जॉर्ज स्मिथने सात तास पाच मिनिटांचा नवा विक्रम केला. मूरची सरासरी आठवा. इथे ती ताशी साडेबावीसच्या पुढे गेली होती.

## चेनमुळे नेमकं काय बदललं? हिशोब करून दाखवता येईल?

नक्की. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात भागिले मागच्या लहान चक्राचे दात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते. मागचं चाक ३० इंचांचं असेल, पुढे १८ दात आणि मागे १० दात असतील, तर चाक १.८ वेळा फिरतं. ३० गुणिले १.८ म्हणजे ५४. म्हणजे ही बुटकी सायकल ५४ इंची उंच सायकलीइतकंच अंतर एका फेऱ्यात कापते, आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात.

हाच हिशोब आपल्याकडच्या २८ इंची काळ्या सायकलीला लावून पाहा. समजा पुढे ४८ दात आहेत आणि मागे १८. २८ गुणिले ४८ भागिले १८, उत्तर येतं पावणेपंचाहत्तरच्या आसपास. इतक्या इंचांचं चाक थेट पायडलने चालवायला माणसाचा पाय पुरलाच नसता. गिअरच्या सायकलवाले आजही ‘इतक्या इंचांचा गिअर’ म्हणतात, तो आकडा म्हणजे याच उंच सायकलीच्या चाकाचा व्यास.

## चेन ‘ताणली’ म्हणतात, तेव्हा पोलाद खरंच ताणतं का?

पोलाद ताणत नाही. वर सांगितलेल्या पिना आणि नळ्या झिजतात, प्रत्येक जोडात केसभर ढिलाई येते, आणि शंभरेक जोडांची मिळून चेन लांब होते. मोजायला साधी पट्टी पुरे. आजच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ जोड बरोबर १२ इंचांत बसायला हवेत. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि बाराव्या इंचाला काय येतं ते पाहा. पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर दातही झिजलेले असण्याची शक्यता मोठी. मग नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दातांवरून कटकट उड्या मारते, आणि दोष नव्या चेनचा वाटतो. १८८५ च्या उघड्या चेनला धूळ, चिखल आणि वाळू यांतूनच जावं लागायचं. उंच सायकलीचे चाहते चेनला नावं ठेवायचे, ती काही उगाच नाही.

## रोव्हर आली म्हणजे उंच सायकल लगेच गेली?

नाही गेली, आणि याचं कारण बरेच जण सांगायचं विसरतात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता येते. दोन्ही सायकलींना भरीव रबराचे, अंगठ्याइतके जाड टायर होते. एक इंच उंचीच्या दगडावर ५४ इंची चाक साधारण १५ ते १६ अंशांच्या चढाने चढतं. ३० इंची चाकाला तोच दगड २१ अंशांचा होतो. वर आता बसणाऱ्याच्या बुडाखाली लहान चाक, हातात लहान चाक, आणि कुठेच नरमपणा नाही. सुरक्षित सायकल सुरक्षित होती, पण अंग दुखवणारी होती. उत्पादकांनी सांगाड्यात स्प्रिंगा घालून पाहिल्या. त्यांनी वजन वाढलं, आणि पायडल मारताना जोर त्यातच जिरला.

## डनलॉपने टायर शोधला तो कसा?

जॉन बॉइड डनलॉप हा स्कॉटिश पशुवैद्य, बेलफास्टमध्ये व्यवसाय करणारा. जनावरांवरच्या कामामुळे पातळ रबर हाताळायची त्याला सवय होती. त्याचा मुलगा जॉनी दगडी रस्त्यांवर तीन चाकी सायकल फिरवायचा आणि तिचे हादरे बसतात अशी त्याची तक्रार होती.

१८८७ च्या अखेरीस डनलॉपने एक मोठी लाकडी तबकडी घेतली. पातळ रबराच्या पत्र्याची नळी चिकटवली, ती तबकडीच्या कडेभोवती बसवली, वरून कापडाची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी तीन चाकीचं भरीव टायरचं चाक घरंगळत सोडलं. ते थोडं जाऊन आडवं पडलं. तितक्याच जोराने हवेची तबकडी सोडली. ती अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि फाटकावर आपटून परत उसळली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण त्यात एका दमात दोन उत्तरं मिळाली. हादरे कमी होतात हे त्याला अपेक्षित होतं. चाक जास्त लांब जातं, हे अंगणाने दाखवलं.

फेब्रुवारी १८८८ मध्ये जॉनीच्या तीन चाकीच्या मागच्या चाकांना असे टायर बसले. त्याच वर्षी जुलैमध्ये पेटंटचा अर्ज, डिसेंबरात मंजुरी.

## मऊ टायरने वेग कसा वाढेल? उलट जड जायला हवं ना?

हवा कमी असेल तर जडच जातं, त्यामुळे शंका रास्त आहे. पण नीट भरलेल्या टायरखाली खडा आला की टायरचा तेवढाच भाग आत दबतो आणि खडा मागे जाताना परत फुगतो. सायकल आणि माणूस जवळजवळ त्याच पातळीवर पुढे जात राहतात. भरीव टायरला दबता येत नाही, म्हणून प्रत्येक खड्यावर माणसासकट सगळी सायकल उचलली जाते आणि आपटते. ते उचलणं तुमच्या पायांच्या जोरावर होतं आणि आपटण्यात वाया जातं.

बेलफास्टचा विली ह्यूम १८ मे १८८९ रोजी क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर हवेचे टायर लावून उतरला आणि त्याने सायकलीच्या सगळ्या शर्यती जिंकल्या. डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रॉसची मुलं नावाजलेली शर्यतपटू होती, तीही त्याच्यापुढे हरली. त्याच वर्षी ड्यू क्रॉसने या टायरसाठी कंपनी उभी केली. यानंतर मात्र उंच सायकल फार टिकली नाही. तिच्याकडे वेग आणि हादरे हे दोन मुद्दे उरले होते, ते दोन्ही गेले.

## थॉमसनने आधीच शोध लावला होता, मग त्याचं नाव का नाही?

स्कॉटिश इंजिनिअर रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्येच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. रबर लावलेल्या कापडाची आतली नळी आणि वर चामड्याचं आवरण. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ते टायर लावून दाखवले, आणि ते चांगले चाललेही. पण रबर महाग होतं, टायर हाताने बनवावे लागत, आणि गाडी घोडा ओढत होता. घोड्याचे कष्ट कमी झाल्याचं मोल मालकाला फारसं वाटलं नाही. सायकलीवर ओढणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच असतो. डनलॉपला थॉमसनची माहिती नव्हती. जुनं पेटंट १८९० मध्ये समोर आलं आणि डनलॉपचा मूळ हक्क टिकला नाही.

## पहिल्या टायरचं पंक्चर कसं काढायचे?

मोठ्या कष्टाने. तो टायर रिमला चिकटवलेला आणि कापडाने बांधलेला असे. आधी तो सोडवायचा, मग भोक शोधायचं, मग पुन्हा चिकटवून सुकू द्यायचं. फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात १८८९ मध्ये असाच एक पंक्चर झालेला टायर आला. दुरुस्तीला तास गेले, सुकायला रात्र गेली. त्यातूनच त्यांनी काढता-घालता येणारा टायर बनवायला घेतला. १८९१ मध्ये शार्ल तेराँने तो लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत जिंकली.

टिकलेलं उत्तर मात्र इंग्लंडच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्चचं, १८९० चं. टायरच्या दोन्ही काठांत न ताणणारी पोलादी तार, आणि रिमच्या मध्ये खोलगट पन्हाळ. तारेचं कडं रिमच्या काठापेक्षा लहान असतं, म्हणून हवा भरल्यावर टायर निघू शकत नाही. पण एका बाजूचा काठ पन्हाळीत ढकलला की दुसऱ्या बाजूला ढिलाई मिळते आणि टायर वरून निघतो. टायर चढत नाही म्हणून पान्याने जोर लावता तेव्हा नव्वद टक्के वेळा समोरचा काठ पन्हाळीत उतरलेला नसतो. तो हाताने दाबत आणा, टायर हातानेच बसतो, आणि पान्यात सापडून ट्यूब फाटत नाही.

## घरात जुनी काळी सायकल आहे. तिच्यात यातलं काय पाहता येईल?

जवळजवळ सगळंच. महाराष्ट्रातल्या गावोगावी चाललेली ही सायकल इंग्रजी नमुन्याची आहे. तिच्या २८ इंची टायरच्या काठात वेल्चची तार आहे. मागच्या आऱ्यांत स्टार्लीची तिरपी मांडणी, चेनमध्ये रेनॉल्डची नळी आणि रोलर. मागचं फ्रीव्हील तेवढं नंतरचं, ते १८९० च्या दशकाच्या शेवटी रुळलं. त्याआधी उतारावरही पायडल फिरतच राहायचं आणि पाय काढून पुढच्या काट्यावरच्या खुंट्यांवर ठेवावे लागत.

आणि हवा भरतो तो व्हॉल्व्ह. त्याची नट काढून आतला खिळा ओढा. त्यावर पातळ रबराची नळी चढवलेली असते, तीच वालट्यूब. खिळ्याच्या बाजूला बारीक भोक असतं. पंपाची हवा त्या भोकातून नळी फुगवून आत जाते, आणि आतला दाब नळीला परत भोकावर दाबून धरतो. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवूनही बुडबुडे दिसत नाहीत, तरी रात्रीतून हवा जाते, अशी तक्रार असेल तर आधी हीच नळी पाहा. उन्हाने आणि वर्षांनी ती कडक होते, तडकते, किंवा भोकापाशी चिकटून बसते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. बुडबुडा फुगला की ट्यूबला हात लावायची गरज नाही, नवी नळी कापून चढवा. ती भोकाच्या खाली पुरेशी उतरेल एवढी लांब ठेवा, आणि चढवताना खिळा ओला करून घ्या.